प्रमाणपत्र कोणाच्या नावावर आहे, ते आधी पाहा

समुद्रपूर तालुक्यातील आमच्या हळद दळण्याच्या कारखान्याचे निर्यातीसाठी संकेतस्थळ करून घेतले, तेव्हा आयईसी, स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी आणि एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना हे तिन्ही हाताशी होते. ते कसे काढायचे हे तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून त्यात शिरत नाही. ज्या एका चुकीने आमचा दोन टनांचा पहिला व्यवहार हातचा गेला, ती मात्र सविस्तर सांगतो, कारण ती अजूनही मनाला लागून आहे.

आम्ही हळकुंडे 40 शेतकऱ्यांच्या एका गटाकडून घेतो आणि त्या गटाकडे एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे सेंद्रिय प्रमाणपत्र आहे. त्याची प्रत मी प्रमाणपत्रांच्या पानावर लावली आणि उत्पादनाच्या पानावर ‘सेंद्रिय हळद पूड’ असे लिहिले. युरोपातील एका खरेदीदाराने नमुना पसंत केला, भावही ठरला, आणि मग त्याने कारखान्याचे स्कोप सर्टिफिकेट, म्हणजे कोणाला कोणत्या उत्पादनासाठी व प्रक्रियेसाठी सेंद्रिय मान्यता आहे हे सांगणारा कागद, मागितला. मी गटाचेच पाठवले. त्याच दिवशी उत्तर आले की यावर आपले नाव नाही आणि प्रक्रियेचाही उल्लेख नाही. मी तो कागद पुन्हा उघडला. वर गटाचे नाव होते, खाली पीक म्हणून हळद होती, आणि दळण्याविषयी एक शब्दही नव्हता. वर्षभर जवळ असलेला कागद मी एकदाही ओळ न ओळ वाचला नव्हता.

सेंद्रिय माल वावरातून निघाल्यावर ज्याच्या ज्याच्या ताब्यात जाऊन बदलतो, त्या प्रत्येकाचे प्रमाणीकरण असावे लागते. हळकुंड आमच्या पल्व्हरायझरमध्ये पडले की साखळी तिथेच तुटते, कारण त्याच यंत्रात आम्ही गावातली साधी हळदही दळत होतो आणि चाळणीच्या जाळीत आधीच्या दळणाची पिवळी भुकटी राहतच होती. दोन्ही माल वेगळे ठेवल्याची, यंत्र साफ केल्याची आणि किती पोती आत आली व किती पूड निघाली याची नोंद तपासनीस मागतो. ती नसेल तर कारखान्याचे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ते नसेल तर त्या लॉटच्या पुडीच्या विक्रीसोबत लागणारे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटही निघत नाही. म्हणून लोगो लावण्याआधी प्रमाणपत्रावरचे नाव, उत्पादन, प्रक्रिया आणि मुदत या चार गोष्टी स्वतः वाचा. वायगाव हळदीच्या जीआयचे, म्हणजे भौगोलिक मानांकनाचेही तसेच आहे: केवळ त्या भागातला माल आहे एवढ्याने भागत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते.

संकेतस्थळ करणाऱ्याने कौतुकाने लावलेला ‘एफडीए प्रमाणित’ हा शिक्का तर आजच काढा. अमेरिकेची एफडीए खाद्य कारखान्यांची नोंदणी करते, त्यांना प्रमाणपत्र देत नाही, आणि जाणता खरेदीदार तो शब्द दिसताच पान बंद करतो. तयार साच्यातली प्रमाणपत्रांची चित्रे विकणाऱ्यांपासून दूर राहा, असे माझे स्पष्ट मत आहे.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. आम्ही पानावर सरळ लिहिले की कच्ची हळद गटाच्या प्रमाणपत्राखालील आहे, दळण्याचा विभाग प्रमाणित नाही, म्हणून पूड साधी म्हणूनच विकली जाईल. त्यानंतरही चौकशा आल्या, आणि त्या अधिक नेमक्या होत्या.

नमुन्याच्या बाबतीत मला एका निवृत्त निर्यात कारकुनाने शिकवले, आणि कोणत्याही महागड्या सल्लागारापेक्षा त्यांचे ऋण मोठे मानतो. 250 ग्रॅम नमुना मोफत द्यावा, कुरिअरचा खर्च खरेदीदाराने करावा, आणि पाकिटावर लॉट क्रमांक असावा. त्याच लॉटचे दुसरे पाकीट सीलबंद करून आपल्याकडे ठेवावे. कुरकुमिन आणि ओलावा लॉटनुसार बदलतात, त्यामुळे खास निवडलेल्या हळकुंडांचा नमुना पाठवला तर मोठी खेप त्याच्याशी जुळत नाही आणि खरेदीदार माल नाकारतो. संकेतस्थळावरही कुरकुमिनचा एकच आकडा न देता आपल्या प्रयोगशाळा अहवालांतील किमान आणि कमाल आकडा द्यावा.

चौकशीच्या अर्जात देश, पोहोचण्याचे बंदर, प्रमाण, पॅकिंग आणि हवी असलेली प्रमाणपत्रे एवढेच विचारा. भाव ‘एफओबी न्हावा शेवा’, म्हणजे त्या बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आपला, असा लिहिला, तर बंदरापर्यंतची वाहतूक कोणाची यावर वाद होत नाही. ईमेल स्वतःच्या डोमेनचा ठेवा.

आता आम्ही साध्या हळदीसाठी वेगळा पल्व्हरायझर घेतला आहे, आणि त्याच्या शेजारी भिंतीवर साफसफाईची वही टांगली आहे; कारखान्याच्या स्वतःच्या स्कोप सर्टिफिकेटसाठी तपासनीस येईल, तेव्हा पहिल्यांदा तीच मागेल.