फ्रीजरमधून थेट गॅसवर: फ्रोझन मटार आणि मिक्स भाज्या शिजवताना या चुका टाळा

पाकिटातला फ्रोझन मटार पूर्णपणे कच्चा नसतो आणि वेळेचा अंदाज बहुतेक वेळा इथेच चुकतो. गोठवण्यापूर्वी हे दाणे उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून साधारण दीड-दोन मिनिटे काढून लगेच थंड केलेले असतात, कारण तसे केले नाही तर दाण्यांतली विकरे उणे १८ अंश सेल्सिअसलाही संथपणे काम करत राहतात आणि काही महिन्यांत रंग व चव बिघडवतात. म्हणून मंडईतून आणलेल्या ताज्या मटाराला लागणारा वेळ या दाण्यांना दिला, की साल सुटते आणि आतला गर पिठूळ होतो. कुकरची एक शिट्टीसुद्धा त्यांना जास्तच होते.

दुसरी चूक म्हणजे मटार आधी बाहेर काढून ठेवणे. गोठताना तयार झालेल्या बर्फाच्या कणांनी दाण्यांच्या पेशी आधीच फाटलेल्या असतात. ओट्यावर तासभर ठेवल्यास त्यातले पाणी ताटलीत उतरते, गोडवाही त्याबरोबर जातो आणि उरलेला दाणा शिजण्याआधीच मऊ पडतो. दाणे फ्रीजरमधून थेट उकळत्या पाण्यात किंवा तापलेल्या कढईत टाकावेत. पाकिटात त्यांचा एकच गोळा झाला असेल, तर पाकीट न उघडता ओट्यावर आपटून तो फोडावा. असा घट्ट गोळा बहुधा माल मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठल्याची खूण असतो, त्यामुळे पुढच्या वेळी पाकीट हातात घेऊन दाणे सुटे हलतात का, हे पाहूनच घ्यावे.

उकळताना मिनिटे कधीपासून मोजायची, हा खरा प्रश्न आहे. बर्फ नुसता वितळवायलाच तेवढ्याच वजनाचे पाणी ० वरून ८० अंशांपर्यंत तापवण्याइतकी उष्णता लागते. त्यामुळे वाटीभर पाण्यात पाव किलो मटार टाकला, तर उकळी थांबते आणि दाणे कोमट पाण्यात बराच वेळ भिजत राहतात. याउलट लिटर-सव्वा लिटर पाणी खळखळून उकळत असताना तेवढाच मटार घातला, तर उकळी लवकर परतते. ती परतल्यापासून मटाराला २ ते ३ मिनिटे आणि गाजर, फरसबी, मका असलेल्या मिक्स भाजीला ४ ते ५ मिनिटे पुरतात. मिक्स भाजी शिजली की नाही, हे मटाराच्या दाण्यावर ठरवू नये; फरसबीचा किंवा गाजराचा तुकडा दाबून पाहावा. उसळीत किंवा रश्श्यात मटार पुन्हा शिजणारच असेल, तर आधी वेगळा उकळण्याची गरजच नाही. रस्सा तयार झाल्यावर शेवटच्या ४-५ मिनिटांत तो घालावा.

परतताना घड्याळापेक्षा कानांवर अधिक विसंबावे. समजा, पाव किलो मिक्स भाजी आहे. रुंद कढई मोठ्या आचेवर चांगली तापवून दोन चमचे तेल घालावे, फोडणी करावी आणि भाजी पसरून टाकावी. पहिली दोन-तीन मिनिटे बर्फ वितळतो, पाणी दिसू लागते आणि तडतडणारा आवाज बुडबुड्यांचा होतो. या काळात भाजी परतली जात नसून वाफवली जात असते. पाणी आटून चुरचुरणे पुन्हा ऐकू आले, की तिथून आणखी ३-४ मिनिटे परतावे. झाकण ठेवू नये, आच कमी करू नये आणि मीठ पाणी आटल्यानंतरच घालावे, कारण ही तिन्ही कामे घाईने केली की कढईत पाणी साचते. अर्धा किलो भाजी असेल, तर दोन घाण्यांत परतावी. पाणी साचलेच, तर भाजी झाऱ्याने बाजूला काढून पाणी मोठ्या आचेवर आटवावे आणि मग भाजी परत घालावी. सगळे एकत्र आटवत बसल्यास मटार सुरकुततो आणि फ्लॉवर विरघळतो.

हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालणे टाळावे, त्याने दाण्याची साल लिबलिबीत होते. पोह्यांवरचे लिंबू किंवा भाजीतले आमसूल मात्र शेवटीच घालावे, कारण आंबटात शिजताना मटार पिवळट-शेवाळी होतो.

उलट बाजूची एक चूकही गंभीर आहे. दाणे अर्धवट शिजलेले असतात म्हणून ते नुसते वितळवून कोशिंबिरीत घालू नयेत. २०१५ ते २०१८ या काळात युरोपात गोठवलेल्या मक्याच्या दाण्यांतून लिस्टेरिया या जंतूचा प्रादुर्भाव झाला होता. हा जंतू थंडीत मरत नाही, मात्र नीट शिजवल्यावर मरतो. कोशिंबिरीसाठी दाणे वर सांगितल्याप्रमाणे उकळून गार करावेत.

घरी सोलून, उकळत्या पाण्यातून न काढता तसाच गोठवलेला मटार मात्र या वेळांना अपवाद आहे. पुरंदरचा किंवा थंडीतला स्वस्त मटार पोतीभर घेऊन असा साठवला असेल, तर तो जवळजवळ कच्चाच असतो आणि उकळी परतल्यावर त्याला ६ ते ८ मिनिटे लागतात. जून, टपोरे दाणे त्याहूनही अधिक वेळ घेतात, म्हणून पाचव्या मिनिटापासून एकेक दाणा चाखून पाहावा.