किडनी ट्रेमधली दुसरी सुई

जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सच्या तिसऱ्या वर्षी व्यावसायिक आरोग्यावर छोटी असाइनमेंट होती: परिचारिकांना होणारी सुईची इजा, ती टाळायची कशी आणि झाल्यावर करायचं काय. वर्गातल्या बहुतेकींनी पुस्तकातले मुद्दे उतरवले. मी माझीच केस लिहिली, कारण सहा महिन्यांपूर्वी मला प्रिक झालं होतं. नव्याने वॉर्डला जाणाऱ्या मुलींसाठी तीच इथे थोडी मोकळेपणाने लिहिते आहे.

मुंबईतलं रुग्णालय, मेडिसिन वॉर्ड, रात्रपाळी. खाटा भरल्यामुळे दोन पेशंट जमिनीवर गादी टाकून. पहाटे साडेपाचला निवासी डॉक्टरांनी एकापाठोपाठ एक दोघांना कॅन्युला, म्हणजे सलाइनसाठी शिरेत ठेवायच्या नळ्या, लावल्या आणि ते खाली कॅज्युअल्टीत पळाले. किडनी ट्रे माझ्या हातात आला. त्यात कापूस, चिकटपट्टीचे तुकडे, स्पिरिटचे बोळे आणि एक उघडी सुई दिसत होती. ती मी नीट उचलून वापरलेल्या सुयांच्या पांढऱ्या डब्यात टाकली. मग उरलेला कापूस मुठीत गोळा केला, आणि दुसऱ्या कॅन्युलाची सुई त्याच कापसाखाली होती. ग्लोव्ह्ज होते, पण सुई त्यातून आरपार डाव्या तर्जनीत घुसली.

बघा, टोचताना काहीच झालं नाही. झालं ते आवरताना. शिरेतून नुकतीच निघालेली कॅन्युलाची सुई आतून पोकळ असते, तिच्यात रक्त राहतं. टाके घालायच्या भरीव सुईपेक्षा ती जास्त धोक्याची, हे नंतर कळलं. ग्लोव्हमुळे सुईवरचं थोडं रक्त पुसलं जातं, पण सुई थांबत नाही.

पुढे मी दोन चुका केल्या. पहिली, बोट पिळून रक्त काढत बसले आणि वर स्पिरिट चोळलं. शेजारच्या खाटेजवळच्या मावशी, "दाब, दाब, वाईट रक्त जाऊ दे," म्हणत होत्या. पिळल्याने काही बाहेर जात नाही, उलट तिथल्या पेशी दुखावतात. बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच लावायचं नाही. ग्लोव्ह काढायचा, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बस. डोळ्यात रक्त उडालं तर नुसतं पाणी किंवा सलाइन, साबण नाही.

दुसरी चूक मोठी: पाऊण तास मी कुणाला बोललेच नाही. इन्चार्ज सिस्टर रागावतील, 'लक्ष कुठे होतं' विचारतील, असं वाटत राहिलं. ड्यूटी संपवून डोंबिवली लोकल पकडायची आणि घरी जाऊन बघू, इथपर्यंत मनात आलं होतं. एचआयव्ही टाळायच्या गोळ्यांचा, म्हणजे पीईपीचा, पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत जायला हवा. ७२ तासांनंतर तो सुरू करत नाहीत. शेवटी मी सांगितलं तेव्हा सिस्टर रागावल्या खऱ्या, पण वेगळ्याच गोष्टीवर: "आत्ता सांगतेस?" आणि हाताला धरून कॅज्युअल्टीत घेऊन गेल्या.

तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी, सीएमओंनी, आधी विचारलं, "सुई कोणाची?" इथे घोळ होता. ट्रेमध्ये दोघांच्या सुया होत्या आणि कापसाखालची कोणाची ते सांगता येत नव्हतं. सुई तपासायला पाठवतात असं मला वाटायचं. तसं करत नाहीत. तपासायचं ते माणसाला, आणि एचआयव्हीची चाचणी त्याला समजावून, संमती घेऊनच. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यातच तसं आहे. नर्सला टोचलं म्हणून पेशंटच्या नकळत नमुना पाठवता येत नाही. पहिल्या आजोबांनी लगेच संमती दिली. त्यांच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या. दुसरा पेशंट तोवर सही करून, डॉक्टरांचा सल्ला न मानता घरी निघून गेला होता.

रिपोर्टची वाट बघत डोस थांबवायचा नसतो, हे नव्या मुलींनी पक्कं लक्षात ठेवावं. पहिली गोळी मी सव्वासातला घेतली. मूळ पेशंट निगेटिव्ह निघाला तर औषध बंद करता येतं. माझ्या बाबतीत एक माणूस अज्ञात राहिला, सुई पोकळ होती आणि जखम खोल, म्हणून पूर्ण २८ दिवस. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर, तिन्ही मिळून रोज एकच गोळी. त्याच सकाळी माझंही रक्त घेतलं: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, शिवाय टेनोफोव्हिर मूत्रपिंडावर परिणाम करू शकतं म्हणून क्रिएटिनिन. आधीचं हे रक्त नसेल तर पुढे काही निघाल्यास ते ड्यूटीवर झालं, हे दाखवणं अवघड जातं.

पहिला आठवडा मळमळ आणि झोप उडालेली. पहिल्या डोसनंतर गोळी रात्री घेत होते, ती सकाळी घ्यायला लागले, तसं झोपेचं जमलं. मी तेव्हा लोहाच्या गोळ्या घेत होते. समुपदेशक मॅडमनी विचारलं म्हणून कळलं की उपाशीपोटी लोह, कॅल्शियम किंवा अँटासिड सोबत घेतलं तर डोल्युटेग्राव्हिर नीट शोषलं जात नाही. डोल्युटेग्राव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं. हे तुम्हाला कुणी आपणहून विचारेलच असं नाही, तुम्हीच सांगा.

भीती सगळी एचआयव्हीची असते, पण आकडे वेगळं सांगतात. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचल्यावर लागण साधारण १००० पैकी ३ जणांना. हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटची असेल आणि लस घेतलेली नसेल, तर १०० पैकी ६ ते ३०. माझे ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस पहिल्या वर्षी झाले होते, पण टायटर, म्हणजे लसीमुळे रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली ते, कधी बघितला नव्हता. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी तो करायचा असतो. १० किंवा जास्त आला तर संरक्षण आहे. माझा भरपूर आला, म्हणून त्या बाजूने काहीच करावं लागलं नाही. नसता तर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन, शक्यतो २४ तासांत, आणि लस पुन्हा. हिपॅटायटिस सीसाठी टाळणारं औषध नाही. तपासत राहायचं आणि निघालाच तर उपचार करायचे.

एचआयव्हीची चाचणी पुन्हा सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी. तोवर रक्तदान नाही. कॉलेजच्या शिबिरात मैत्रिणी खाटांवर आणि मी नोंदणीच्या टेबलावर, "तू का नाही?" याला "हिमोग्लोबिन कमी" हे उत्तर देत. सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न आहे, वॉर्डाचा नाही.

टाळण्याबद्दल पुस्तकात 'रिकॅप करू नका', म्हणजे वापरलेल्या सुईवर टोपण परत लावू नका, असं असतं, ते बरोबरच आहे, पण माझ्या केसमध्ये कॅपचा संबंधच नव्हता. पांढरा डबा ड्रेसिंग ट्रॉलीवर, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होता, म्हणून सुया ट्रेमध्ये पडल्या. आता कॅन्युला लागताना मी डबा आधी खाटेशी नेते आणि डॉक्टरांना सरळ म्हणते, "सर, सुई यात." इंजेक्शनची सुई कटरमध्ये, कॅन्युलाची अख्खी डब्यात, आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद, वरून दाबून बसवायचा नाही. ट्रेमध्ये कापूस असेल तर बोटांनी नाही, चिमट्याने. आणि किती कॅन्युला लागल्या तेवढ्या सुया मोजते.

असाइनमेंटवर मॅडमनी लाल पेनाने एकच विचारलं होतं: 'इजा रजिस्टरमध्ये नोंद कुठे आहे?' ती त्या सकाळी कुणी केलीच नव्हती. नंतर इन्चार्ज सिस्टरांसोबत बसून केली. 'सुई कोणाची' या रकान्यात 'दोनपैकी एक, नक्की नाही' असं लिहिलं.