पन्नास वर्षांच्या भाषणाआधी

1975 च्या दसऱ्याला आजोबांनी कोल्हापुरात, गुजरीत सराफी पेढी सुरू केली. यंदा पन्नास वर्षं झाली म्हणून वडील ग्राहकांसमोर दहा मिनिटं बोलणार आहेत. त्याची तयारी माझ्याकडे आहे आणि ती मी जुन्या चोपड्यांपासून धरली.

आधी सुरुवातीची तारीख कागदावर बघून घेतली. तेव्हा 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता. सराफाला परवाना लागे, सोन्याचा हिशेब नोंदवहीत ठेवावा लागे. 1990 मध्ये तो कायदा रद्द झाला, पण आजोबांची वही लिहायची सवय सुटली नाही.

मग तिन्ही पिढ्या आमच्याकडे आलेलं एकच घर निवडायचं. दहा घरांची नुसती नावं घेतली तर एकही लक्षात राहत नाही. आम्ही निवडलेल्या घरातल्या आजींनी 1979 मध्ये हातातले लाखेचे गोठ केले होते. चोपडीत दोन आकडे आहेत: एकूण वजन 43 ग्रॅम, पैकी सोनं 29. गोठाच्या पोटात लाख असते, म्हणून तराजूवर दिसतं ते सगळं सोनं नसतं. हे विकतानाच लिहून दिलं नाही, तर मोडीच्या दिवशी वाद ठरलेला. 2004 मध्ये त्यांच्या सूनबाई ते गोठ मोडायला आल्या, तेव्हा लाख काढून आटवल्यावर 28 ग्रॅम 700 मिलीग्रॅम भरलं. झीज आणि आटणीतली घट धरून हिशेब जुळला आणि त्याच सोन्याच्या बांगड्या झाल्या. आजींची नात मंगळसूत्र घ्यायला आली, तेव्हा तिने काउंटरवरच दागिन्यावर कोरलेला हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, मोबाइलवर तपासला. वडिलांनी तिला स्वतः भिंग दिलं. भाषणाचा गाभा हाच.

पण यातलं एकही वजन मंचावरून सांगायचं नाही. कोणाच्या घरी किती सोनं आहे हे सराफाच्या तोंडून चारचौघांत जाता कामा नये, कौतुकानेसुद्धा नाही. गहाणाच्या नोंदी तर मी मसुद्यासाठी उघडल्याच नाहीत. दागिन्याचं नाव आणि झालेली गोष्ट एवढंच सांगायचं, तेही महिनाभर आधी घरी जाऊन, विचारून. फोनवर माणसं भिडेखातर हो म्हणतात.

चोपडी वाचताना एक गोष्ट मला फार लागली. जुनी खाती सगळी पुरुषांच्या नावावर आहेत. भिशीतून पैसे साठवून, घडणावळीवर घासाघीस करून दागिना करणाऱ्या बाईचं नाव कुठेच नाही. त्या आजींचं नाव मी सूनबाईंना विचारून घेतलं.

लाख भरणारे आमचे जुने कारागीर आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची खुर्ची त्या घरातल्या आजींच्या शेजारी, पहिल्या रांगेत. भाषणाचा कागद मोठ्या अक्षरांत काढलाय. काल वडिलांनी तो मोठ्याने वाचला आणि आजींच्या नावापाशी थांबले. म्हणाले, "हे नाव सगळ्यात आधी घेऊ या."