रफ वहीतून प्रयोगाचा अहवाल: विहिरीच्या पाण्यातलं क्लोराइड

एप्रिल-मे आला की खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ लागायला लागतं. त्यामुळे कोकणातल्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्टसाठी घराजवळ मिळणारा एक चांगला विषय म्हणजे विहिरीच्या पाण्यातलं क्लोराइड मोजणं. प्रयोग तासाभरात होतो. अडचण येते ती नंतर, रफ वहीत कशाही क्रमाने उतरवलेल्या नोंदींमधून अहवाल लिहिताना. नमुन्यादाखल असं एक पान घेऊ.

> खाडीकडची विहीर, स. ७.४०, ओहोटी. पाणी स्वच्छ. आजी म्हणाल्या, मे लागला की मचूळ लागतं. बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळली. पीएच पट्टी ७ च्या जवळ. ५० मिली + क्रोमेट १ मिली. २३.१ जास्त झालं, लालभडक. २२.४. मग २२.४ ते ४४.९. पुन्हा २२.४. ब्लँक ०.२. सिल्व्हर नायट्रेट ०.०२ नॉर्मल. बोट काळं झालं. समुद्राचं पाणी आत आलंय नक्की.

१. आधी प्रत्येक वाक्यावर खूण करा

पेन्सिल घ्या आणि समासात एकेक अक्षर लिहा. जे केलं त्याला ‘कृ’, जे डोळ्यांनी पाहिलं किंवा मोजलं त्याला ‘नि’, जे दुसऱ्याकडून ऐकलं त्याला ‘ऐ’ आणि जे आपल्याला वाटलं त्याला ‘अ’, म्हणजे अर्थ. रफ पानावरचा मूळ मजकूर मात्र खोडू नका, सुधारूही नका.

बाटली विसळली, हे ‘कृ’. २२.४ हे ‘नि’. आजींचं वाक्य ‘ऐ’. चव तुम्ही तपासलेली नाही, म्हणून ते निरीक्षणात जाणार नाही. पण ही विहीर का निवडली याचं ते उत्तम कारण आहे, म्हणून प्रस्तावनेच्या एका ओळीत ते घ्यावं. ‘समुद्राचं पाणी आत आलंय नक्की’ हे ‘अ’. पानावरचं सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच, कारण ते निरीक्षणांच्या रांगेत बसून निरीक्षणासारखं दिसतं.

२. लिखाणाची सुरुवात निरीक्षण तक्त्यापासून करा

जर्नलमध्ये उद्देश सर्वांत वर असतो, म्हणून बहुतेक जण तिथूनच लिहायला लागतात. पण हातात ठोस असतात ते फक्त आकडे, म्हणून ते आधी तक्त्यात बसवावेत.

| वाचन | सुरुवात (मिली) | शेवट (मिली) | फरक (मिली) |
|---|---|---|---|
| पायलट | ०.० | २३.१ | २३.१ |
| १ | ०.० | २२.४ | २२.४ |
| २ | २२.४ | ४४.९ | २२.५ |
| ३ | ०.० | २२.४ | २२.४ |
| ब्लँक | ०.० | ०.२ | ०.२ |

दुसऱ्या वाचनाकडे नीट बघा. ब्युरेट पुन्हा न भरता तिथूनच पुढे टायट्रेशन केलं, म्हणून खर्च झालेलं द्रावण ४४.९ नव्हे, २२.५ मिली आहे. रफ वहीत नुसतं ‘४४.९’ लिहिलं असतं, तर आठवड्याभराने हे कळायला मार्ग राहिला नसता. इतर वाचनांना सुरुवातीचा आकडा वहीत नाही. ब्युरेट शून्यापर्यंत भरली होती याची खात्री असेल तरच ०.० लिहा आणि तक्त्याखाली ‘सुरुवातीचं वाचन वहीत वेगळं नोंदवलेलं नाही’ असं नमूद करा.

पायलट वाचन तक्त्यात ठेवायचं, हिशेबात मात्र धरायचं नाही. तिथे अंतिम बिंदू ओलांडला गेला होता, ‘लालभडक’ ही नोंदच त्याची खूण. उरलेली तिन्ही वाचनं ०.१ मिलीच्या आत जुळतात आणि २२.४ दोनदा आलं आहे, म्हणून स्थिर ब्युरेट वाचन, म्हणजे सीबीआर, २२.४ मिली.

तक्त्याखाली रंगाची नोंद हवी: पिवळ्या द्रावणात आधी पांढरा साका दिसला, शेवटी न जाणारी फिकट विटकरी छटा आली. साक्याची नोंद या पानावर नाही. तो पाहिल्याचं पक्कं आठवत असलं तरी ‘नंतर नोंदवले’ असं लिहूनच ती ओळ घालावी. पुस्तकात असं होतं असं दिलंय, एवढ्यावर मात्र ती लिहू नये.

३. कृती झाल्या क्रमाने, भूतकाळात

छापील मॅन्युअलमधली कृती उतरवून काढली की ‘नमुना घ्यावा, निर्देशक टाकावा’ अशी वाक्यं येतात. अहवालात जे प्रत्यक्ष झालं ते लिहायचं: ‘खाडीकडच्या विहिरीचं पाणी सकाळी ७.४० वाजता, ओहोटीच्या वेळी घेतलं. बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळली. पीएच पट्टीवर सुमारे ७ आढळला. ५० मिली नमुन्यात १ मिली पोटॅशियम क्रोमेट घालून ०.०२ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेशन केलं.’

भरती-ओहोटीची वेळ आणि पीएच गाळू नका. पाणी आम्लधर्मी असतं तर क्रोमेटचं डायक्रोमेट होऊन विटकरी रंग उशिरा आला असता आणि क्लोराइड वाढीव दिसलं असतं. पीएच १० च्या वर असता तर चांदी हायड्रॉक्साइडच्या रूपात बाहेर पडली असती. वाचणाऱ्याला ७ हा आकडा दिसला की त्याची ही शंका फिटते.

०.०२ नॉर्मल ही ताकद सोडियम क्लोराइडच्या द्रावणाने पडताळली होती का? नसेल तर ‘बाटलीवरच्या लेबलनुसार’ एवढे शब्द जोडा. पूर्ण उत्तर याच एका आकड्यावर उभं आहे.

काळं पडलेलं बोट दक्षतेत जाईल: सिल्व्हर नायट्रेट कातडीवर डाग पाडतं, हातमोजे वापरावेत. क्रोमेट विषारी असल्यामुळे उरलेलं द्रावण बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत जमा केलं असेल, तर तेही तिथेच लिहा.

४. आकडेमोड

क्लोराइड (मिग्रॅ/लिटर) = (नमुन्याचं वाचन − ब्लँक) × नॉर्मॅलिटी × ३५.४५ × १००० ÷ नमुना (मिली)

= (२२.४ − ०.२) × ०.०२ × ३५.४५ × १००० ÷ ५० = ३१४.७९६

कॅल्क्युलेटरने दिलेले सगळे अंक उतरवू नका. इथे ब्युरेटवरच्या ०.१ मिलीचा फरक म्हणजे लिटरमागे सुमारे १.४ मिलिग्रॅम, मग दशांश चिन्हापुढच्या अंकांना आधारच नाही. उत्तर ३१५ मिग्रॅ/लिटर.

५. निष्कर्ष आणि मग उद्देश

आता ‘अ’ खुणेच्या वाक्याकडे या. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० मिग्रॅ/लिटर आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत मुभा आहे. त्यामुळे निष्कर्ष असा लिहिता येतो: ‘या नमुन्यात क्लोराइड ३१५ मिग्रॅ/लिटर आढळलं. ते स्वीकार्य मर्यादेपेक्षा जास्त, पण पर्यायी स्रोत नसतानाच्या मर्यादेच्या आत आहे.’

समुद्राचं पाणी शिरलं, हे एका विहिरीच्या एका सकाळच्या नमुन्यावरून सांगता येत नाही. जवळच्या शोषखड्ड्यातूनही क्लोराइड येऊ शकतं. त्यासाठी सड्याखालच्या, खाडीपासून लांबच्या विहिरीचं पाणी त्याच दिवशी तपासायला हवं आणि हीच विहीर पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायला हवी. ही शंका ‘पुढील काम’ या मथळ्याखाली अवश्य लिहा.

उद्देश सर्वांत शेवटी लिहा आणि तो निष्कर्षाशेजारी ठेवून वाचा. ‘खाऱ्या पाण्याच्या शिरकावाचा अभ्यास करणे’ असा उद्देश असेल तर वरचा निष्कर्ष त्याला उत्तर देत नाही. ‘खाडीकाठच्या एका विहिरीच्या पाण्यातील क्लोराइडचं प्रमाण मोहर पद्धतीने काढणे व पिण्याच्या पाण्याच्या मानकाशी ताडून पाहणे’ असा लिहिला, की तक्ता, हिशेब आणि निष्कर्ष तिन्ही त्याच प्रश्नाचं उत्तर देतात.