लॅब क्रॉस की गावठी? पिल्लाचा वंश ताडताना काय बघावं

काळं, आखूड केसांचं, कान पडलेलं पिल्लू दिसलं की आपल्याकडे लगेच 'लॅब क्रॉस' म्हणतात. आमच्या काळीलाही दोन महिन्यांची असताना सगळे तेच म्हणायचे. पण रंग सगळ्यात फसवा. काळ्या रंगासाठी आई किंवा बाप एकाकडून आलेलं जनुक सहसा पुरतं, आणि गावठी कुत्र्यांतही ते असतंच.

आधी थांबा. लहानपणी जवळपास सगळ्यांचेच कान पडलेले असतात, आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलताना ते खालीवर होतात. आठ-दहा महिन्यांनंतर बघा. लॅब्राडोरचा कान मागच्या बाजूला बसलेला आणि गालाला चिकटून लोंबणारा असतो. काळीचे कान मुळाशी ताठ उभे राहिले, फक्त टोकं दुमडलेली.

मग पाठीवरचे केस बोटांनी उलटे फिरवा. लॅबच्या वरच्या केसांखाली मऊ, दाट लव लागते. काळीच्या अंगावर ती जेमतेमच होती. पण आपल्या उन्हाळ्यात लव झडते, म्हणून हे थंडीत तपासलेलं बरं.

तोंड बाजूने बघा. लॅबचं थोबाड रुंद असतं आणि डोळ्यांपाशी कपाळाचा उतार स्पष्ट दिसतो. गावठीचं तोंड पाचरीसारखं निमुळतं, उतार हलका. बांध्यासाठी नजरेपेक्षा हात वापरा, कारण लठ्ठपणा सगळं झाकतो. आधी बरगड्या चाचपा, मग छाती, पोट आणि शेपूट. काळीची छाती खोल, पोट आत गेलेलं, पाय लांब आणि शेपूट पाठीवर वळलेली. वजन १४ किलो. लॅब मादीचं साधारण २५ ते ३२ असतं.

चारही खुणा गावठीकडे झुकतात. तरी 'लॅब नाहीच' असं मी म्हणणार नाही.

याचं कारण केसांवरून सहज कळतं. आखूड केसांचं जनुक लांब केसांच्या जनुकाला झाकतं. आई लांब केसांची पॉमेरेनियन असेल आणि बाप शुद्ध आखूड केसांचा गावठी, तर सगळी पिल्लं आखूड केसांचीच होतील. निम्मा वंश पॉमेरेनियन, पण केसांत त्याचा मागमूस नाही. पुढे अशीच दोन आखूड केसांची कुत्री एकत्र आली, तर सरासरी चारात एक पिल्लू झुबकेदार निघेल आणि लोक त्याचा बाप भलतीकडे शोधतील. शिवाय एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, म्हणून भावंडांवरूनही खात्री होत नाही.

कान, केसांची लांबी, पायांची उंची या गोष्टी मोजक्या जनुकांवर बऱ्याच अंशी ठरतात, तर कुत्र्याच्या जनुकांची संख्या सुमारे वीस हजार आहे. डीएनए चाचणीचा अंदाज नजरेपेक्षा खूप पक्का, पण तीही तिच्या संग्रहातल्या जातींशीच तुलना करते. गावठी कुत्रा म्हणजे परदेशी जातींची सरमिसळ नव्हे, त्याचा स्वतःचा जुना वंश आहे. संग्रहात तो नसेल, तर अहवालात आकडे येतील ते जवळच्या वाटणाऱ्या दुसऱ्याच जातींचे. म्हणून काळीच्या लसीकरणाच्या कार्डावर जातीच्या रकान्यात मी 'मिश्र' एवढंच लिहून घेतलं.