घरचा कॅमेरा बाहेरून दिसत नाही? आयपी ॲड्रेसच्या या चुका टाळा

घरच्या वायफायवर असताना ब्राउझरमध्ये `192.168.1.20` टाकलं की कॅमेऱ्याचं पान लगेच उघडतं. बाहेर पडून मोबाइल डेटावर तोच पत्ता टाकला, तर पान नुसतं फिरत राहतं. कॅमेऱ्यात बिघाड नसतो, पत्ताच बाहेर चालणारा नसतो.

घरातला पत्ता बाहेर वापरणं

`192.168` ने सुरू होणारे सगळे, `10` ने सुरू होणारे सगळे आणि `172.16` ते `172.31` पर्यंतचे पत्ते १९९४ पासून खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. ते प्रायव्हेट आयपी. `192.168.1.20` हा पत्ता एकाच वेळी लाखो घरांत असू शकतो, म्हणून इंटरनेटवरचे राउटर तो पुढे पाठवतच नाहीत. बाहेरून पोहोचायला पब्लिक आयपीच लागतो, आणि तो साऱ्या इंटरनेटवर एकमेव असावा लागतो.

प्रत्येक उपकरणाचा पब्लिक आयपी वेगळा असेल असं धरणं

‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवर लॅपटॉप आणि फोन दोन्ही `203.0.113.7` दाखवतात, तेव्हा अनेकांना काहीतरी गडबड वाटते. पण गडबड काहीच नसते. आयपीव्ही४ या पत्त्यांच्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी आहेत, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे मोकळे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. म्हणून घराला मिळतो एकच पत्ता. तो राउटरकडे असतो आणि राउटर सगळ्यांच्या वतीने तोच वापरतो. या पद्धतीला नॅट म्हणतात.

समजा, लॅपटॉप `192.168.1.5` आणि फोन `192.168.1.8` एकाच साइटकडे निघाले आणि दोघांनीही योगायोगाने 51000 हाच पोर्ट, म्हणजे जोडणी ओळखण्याचा क्रमांक, निवडला. राउटर दोघांच्या पॅकेटवरचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यांवरचा, पत्ता बदलतो आणि आपल्या तक्त्यात नोंद करतो:

```
192.168.1.5:51000  ->  203.0.113.7:40001
192.168.1.8:51000  ->  203.0.113.7:40002
```

उत्तर 40002 वर आलं की ते फोनचं, हे राउटरला तक्त्यावरून कळतं. कॅमेऱ्याचं घोडं नेमकं इथेच अडतं. बाहेरून कुणी आपणहून `203.0.113.7` वर आलं, तर त्याची तक्त्यात नोंदच नसते. पॅकेट कुणाला द्यायचं ते राउटरला ठाऊक नसतं, म्हणून तो ते टाकून देतो.

पोर्ट फॉरवर्डिंग अर्धवट करणं

उपाय म्हणजे ती नोंद आपण हाताने करायची: बाहेरचा पोर्ट 8080, आतला पत्ता `192.168.1.20`, आतला पोर्ट 80. मग बाहेरून `http://203.0.113.7:8080` उघडतं. मात्र आतले पत्ते राउटर ठरावीक मुदतीपुरतेच देतो. उद्या कॅमेऱ्याला `192.168.1.23` मिळाला, की नियम भलत्याच उपकरणाकडे बोट दाखवतो. म्हणून राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे आतले पत्ते वाटण्याच्या, सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या मॅक ॲड्रेससाठी, म्हणजे त्या उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकासाठी, पत्ता आधी राखून ठेवा, मग नियम लिहा. आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलल्याशिवाय हा दरवाजा उघडूच नका. उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम तो लवकरच हुडकतात.

चाचणी मोबाइल डेटावरूनच घ्या. घरच्या वायफायवरून स्वतःचाच पब्लिक आयपी उघडणं बऱ्याच राउटरना जमत नाही, आणि बरोबर केलेलं सेटिंगही चुकलंय असं वाटतं.

राउटरचा पत्ता न तपासता सेटिंगशी झटत बसणं

सगळं बरोबर असूनही बाहेरून काही उघडत नसेल, तर राउटरच्या पानावरचा `WAN IP`, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा आणि ‘माझा आयपी’ साइट दाखवते त्या आयपीशी ताडून पाहा. खरं तर हे काम सगळ्यात आधी करावं. कितीतरी तास वाचतात.

दोन्ही सारखे असतील, तर चूक तुमच्या नियमात किंवा कॅमेऱ्यात आहे. क्वचित इंटरनेट देणाऱ्या कंपनीनेच तो पोर्ट बंद केलेला असतो, तेव्हा दुसरा क्रमांक घेऊन बघा. `WAN IP` जर `192.168` ने सुरू होत असेल, तर बहुधा तुमच्या राउटरच्या पुढे कंपनीचा मोडेमही राउटरचंच काम करतोय आणि नॅट दोनदा होतंय. मोडेम ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद केलं, की एक थर निघून जातो.

`WAN IP` जर `100.64` ते `100.127` मधला असेल, तर कंपनीने अनेक घरांना मिळून एक पब्लिक आयपी दिलेला आहे. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखला गेला. इथे तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग कितीही अचूक असलं तरी उपयोग नाही, कारण पुढचा तक्ता कंपनीच्या हातात असतो. अशा वेळी कंपनीकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागा. नाहीतर कॅमेरा स्वतःच बाहेरच्या सर्व्हरला जोडून घेतो असं ॲप वापरा. जोडणी आतून सुरू झाल्यामुळे तिची नोंद दोन्ही तक्त्यांत आपोआप होते.