डॅकच्या आवाजात जिटर आहे का, ते दोन टोनमध्ये ओळखा

टीव्हीच्या ऑप्टिकलवरून डॅकला जोडल्यावर झांजा, टाळ खरखरीत वाटत असतील, तर कारण जिटर असू शकतं. बिट्स बरोबर पोचतात, पण डॅक ते ठरल्या वेळेच्या थोडं पुढेमागे सोडतो. ही वेळ नीट करणारा रीक्लॉकर विकत घेण्याआधी हे करा:

१. टीव्हीवर 10 kHz चा शुद्ध टोन वाजवा. डॅकचं आउटपुट वेगळ्या ऑडिओ इंटरफेसवर, त्याच्या स्वतःच्या क्लॉकवर रेकॉर्ड करा.
२. Audacity मध्ये Plot Spectrum उघडा, Size 65536 ठेवा. टोनच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर काड्या दिसतात का बघा.
३. आता तितक्याच लेव्हलला 1 kHz चा टोन. काड्या टोनच्या तुलनेत साधारण 20 dB खाली गेल्या तर जिटर. तशाच राहिल्या तर दोष बहुधा पॉवर सप्लायचा, तिथे रीक्लॉकर काही करणार नाही.

नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या घरी 9.9 आणि 10.1 kHz वर, टोनच्या 70 dB खाली काड्या होत्या. 1 kHz ला त्या टोनच्या 90 dB खाली गेल्या. म्हणजे क्लॉक सुमारे 10 नॅनोसेकंद इकडेतिकडे हलत होतं. रीक्लॉकर डेटा बफरमध्ये थोडा साठवतो आणि स्वतःच्या स्थिर क्रिस्टलच्या तालावर बाहेर काढतो. तो डॅकच्या अगदी जवळ, आखूड केबलने लावा. लावल्यावर आमच्या काड्या नॉइझमध्ये बुडाल्या.

एक सांभाळा: मूळ गाणं रेकॉर्ड करतानाच तिथल्या एडीसीचं, म्हणजे आवाज डिजिटल करणाऱ्या भागाचं, क्लॉक हललं असेल, तर ते आवाजात कायमचं उतरतं. नंतर कितीही रीक्लॉक केलं तरी निघत नाही.